वाढीव फीचं पत्र

सप्रेम नमस्कार,

संचालक मंडळाला पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. फी २४ लाखांवरून ३० लाख, ऑडिट अहवाल जूनअखेरऐवजी २ ऑगस्टला, आणि कारण काय, तर ‘कामाची व्याप्ती वाढल्यामुळे’. एवढ्यावर कोणी संचालक होकार देणार नाही, आणि देऊही नये.

त्यांच्या जागी बसून बघ. १ डिसेंबरला त्यांनी दुसरी कंपनी विकत घेतली. तिचे ऑडिटर वेगळे आहेत आणि ते तिचं वर्षभराचं ऑडिट करणारच आहेत. मग आपल्याला जास्तीचे पैसे कशाचे? हा प्रश्न बैठकीत येणारच, तेव्हा उत्तर पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात असू दे.

उत्तर असं आहे. उपकंपनीचे ऑडिटर ३१ मार्चच्या ताळेबंदावर मत देतील. एकत्रित हिशेबाला मात्र ताबा मिळाला त्या दिवसाचे आकडेही लागतात. गुडविल त्या दिवशीच्या निव्वळ मालमत्तेवरून ठरतं आणि उपकंपनीचा नफा त्यानंतरच्या चार महिन्यांचाच घेता येतो. त्या दिवशीच्या आकड्यांचं ऑडिट कोणीच केलेलं नाही, गोदामातला मालही कोणी मोजलेला नाही. म्हणजे मार्चअखेर माल मोजायचा आणि आवक नोंदी, उत्पादन, डिलिव्हरी चलनं तपासत चार महिने मागे जायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलेल्या मालाचं बिल ३ डिसेंबरला फाडलं असेल, तर जुन्या मालकांच्या काळातला नफा तुमच्या खात्यात दिसेल. हे एक उदाहरण पत्रात घाल. संचालकांना मानकांच्या क्रमांकांपेक्षा ते लवकर कळेल.

आता तास. तू ३०० जादा तास धरलेस. त्यात ताब्याच्या दिवसाच्या शिलकांचे १३०, एकत्रीकरणाचे ७० आणि दुसऱ्या ऑडिटरच्या कामाचा आढावा घेण्याचे ४० तास मला पटतात. उरलेले ६० आपला सीनियर मध्येच सोडून गेला म्हणून वाढले. ते क्लायंटच्या माथी मारायचे नाहीत. शिवाय त्यांनी एक डेपो बंद केला, तिथली मोजणी वाचली, त्याचे २० वजा कर. राहिले २२०. मूळ फी १,२०० तासांची होती, म्हणजे तासाला २,००० रुपये. त्याच दराने वाढ ४ लाख ४० हजार. वजाबाकीही पत्रात दाखव. कमी झालेलं काम स्वतःहून सांगणाऱ्याच्या वाढलेल्या तासांवर फारशी घासाघीस होत नाही, असा माझा अनुभव आहे. झालीच तर दरावर बोलू, पण तपासण्या कमी करण्याची तयारी पत्रात कुठेही सूचित होऊ देऊ नकोस.

तारखा उलट्या मोजत ये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि नोटीस पूर्ण २१ दिवसांची, म्हणजे ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवी. त्या हिशेबाने २ ऑगस्ट चालतं. पण कर्जाचा करारनामा उघडून पाहिलास का? बँकेला ऑडिट झालेले हिशेब ३१ जुलैपर्यंत द्यायचे आहेत. दोनच दिवसांचा फरक, पण अट मोडली ती मोडलीच. बँकेकडून मुदतवाढ आत्ताच लेखी घ्या, असं मंडळाला सांग. उपकंपनीचे ताब्याच्या दिवसाचे आकडे आपल्याला ५ मेपर्यंत हवेत, हेही लिही. ते आठवडाभर उशिरा आले तर अहवाल फक्त आठवडाभर लांबणार नाही. तोवर टीम दुसऱ्या कामावर गेलेली असेल आणि तीन आठवडेही जातील. हे स्पष्ट लिहिलं नाहीस तर जुलैत सगळा उशीर आपल्या नावावर लागेल.

एका गोष्टीने मात्र पत्रच अडेल. कंपनी कायद्याच्या कलम १४२ प्रमाणे ऑडिटरची फी सर्वसाधारण सभा ठरवते, किंवा ती कशी ठरवायची हे सभा सांगते. गेल्या सभेचा ठराव मागव. त्यात फी ठरवायचा अधिकार मंडळाला दिला असेल तर ठीक. ऑडिट समितीची शिफारस घेऊन मंडळ वाढ मंजूर करू शकेल. ठरावात रक्कमच घातली असेल तर मंडळाच्या होकाराने भागणार नाही, भागधारकांकडे जावं लागेल.

सीएफओ बहुधा म्हणतील, ‘एकत्रीकरण तुम्हीच करून द्या, वेळ वाचेल.’ नाही म्हण. हिशेब लिहून देणं कलम १४४ ने ऑडिटरला बंद केलंय, आणि आपणच तयार केलेल्या आकड्यांवर आपण मत कसं देणार? त्यांना दुसरा सल्लागार नेमू दे.

पत्र पाठवण्याआधी ऑडिट समितीच्या अध्यक्षांना फोन कर. आकडा त्यांना पहिल्यांदा बैठकीच्या कागदांत दिसता कामा नये. मंडळाने होकार दिला की बदललेल्या अटींचं नवं एंगेजमेंट लेटर सही करून घे, आणि तेही मार्चअखेरची मोजणी सुरू व्हायच्या आत.

ठरावाची प्रत मिळाली की सुधारलेला मसुदा माझ्याकडे पाठव.