मांडीवरचं बाळ, टॅक्सीची सूट आणि हीथ्रो ते लेस्टर

«दादा, आम्ही ऑक्टोबरमध्ये बडोद्याहून लेस्टरला येतोय. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगी साडेतीन वर्षांची, ९७ सेंटिमीटर, १४ किलो. मुलगा नऊ महिन्यांचा, ९ किलो. अहमदाबादहून विमान आहे. मावसदीर हीथ्रोला त्यांची गाडी घेऊन येणार आहेत. मुलांच्या सीट इथूनच घ्याव्यात की तिथे? आणि पहिल्या दिवसापुरतं बाळ सासूबाईंच्या मांडीवर बसलं तर चालेल ना? टॅक्सीत चालतं असं ऐकलंय.»

आधी टॅक्सीचं सांगतो, कारण ऐकीव माहिती अर्धी खरी आहे आणि ती अर्धीच तुम्हाला अडचणीत आणेल. इंग्लंडमध्ये मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत, त्याला त्याच्या मापाची सीट लागते. टॅक्सीवाल्याकडे तशी सीट नसेल तर सूट मिळते. मूल मागच्या सीटवरच बसवायचं, तीन वर्षांपुढचं असेल तर त्याला मोठ्यांचा बेल्ट लावायचा आणि तिनाखालचं बेल्टशिवाय बसलं तरी चालतं. पण ही सूट टॅक्सीला आहे, मावसदिरांच्या गाडीला नाही. त्यांच्या गाडीत बाळ मांडीवर दिसलं तर १४ वर्षांखालच्या मुलाची जबाबदारी चालवणाऱ्यावर असल्याने दंड त्यांना होईल. तो ५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

सूट मिळणाऱ्या टॅक्सीतही बाळ मांडीवर घेऊन मोटरवेवर निघू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सासूबाईंना हा हिशोब समजावून सांगा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी समोर आदळली, बॉनेट साधारण ६० सेंटिमीटर चेपलं आणि गाडी थांबली, तर हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात होतं. गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट वेग-घट होते. तुमचं ९ किलोचं बाळ त्या क्षणी हातांना सुमारे १५० किलोचं लागेल. एवढं वजन कोणत्याच आजीच्या हातात राहत नाही, माया कितीही असली तरी. सासूबाईंनी स्वतः बेल्ट लावला नसेल तर त्याही पुढे फेकल्या जातील आणि बाळ त्यांच्या आणि पुढच्या सीटच्या मधे सापडेल. दोघांभोवती मिळून एकच बेल्ट घेतला तर त्यांचा सगळा भार बेल्टमधून बाळाच्या पोटावर येईल. हे बडोद्यात असंख्य गाड्यांत पाहिलंय, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता माणसं मोजा. मावसदीर, तुम्ही दोघं, सासूबाई, दोन मुलं, म्हणजे सहा जण. साध्या गाडीत बेल्ट पाचच असतात. आपल्याकडे सहावा सरकून बसतो, तसं इथे करू नका. माझा सल्ला असा की मिस्टरांनी मोठ्या बॅगा घेऊन लंडनच्या सेंट पॅनक्रस स्टेशनहून लेस्टरची रेल्वे पकडावी, तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. मोटारीत सासूबाई पुढे, तुम्ही मागे, दोन्ही मुलं सीटमध्ये. दोन सीटच्या मधल्या जागेत मोठं माणूस मावेलच असं नाही, म्हणून मावसदिरांना आजच मागच्या बाकाची रुंदी मोजायला सांगा. मावत नसेल तर सासूबाईंनी रेल्वेने जावं आणि तुम्ही पुढच्या सीटवर बसावं. सात आसनी गाडी भाड्याने मिळाली तर सगळेच एकत्र याल, पण बुकिंग करताना दोन्ही मुलांच्या सीट मागा आणि लेखी होकार घ्या.

सीट कुठून घ्यायची याचं उत्तर दोन्ही मुलांसाठी वेगळं आहे.

बाळाची बडोद्यातच घ्या, कारण त्याचा पहिला प्रवास हीथ्रोहून नाही, बडोद्याहून अहमदाबाद विमानतळापर्यंतचा आहे, तोही एक्स्प्रेसवेने. फक्त सीटच्या पाठीला किंवा तळाला चिकटवलेलं लेबल नीट वाचून घ्या. युरोपीय मान्यतेच्या लेबलावर एका गोलात ई हे अक्षर आणि शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो. ४४ किंवा १२९ हा नियमाचा क्रमांकही लिहिलेला असतो. ४४ ची सीट वजनावर निवडतात, १२९ ची उंचीवर. दोन्ही इंग्लंडमध्ये वापरता येतात. फक्त भारतीय मानकाचं लेबल असेल तर ती सीट इंग्लंडच्या रस्त्यावर चालत नाही. भारतात मिळणाऱ्या काही सीटवर युरोपीय लेबलही असतं, म्हणून खोक्यावरच्या छापील मजकुरावर विसंबू नका, सीट उलटी करून बघा.

बडोद्यातला दुकानदार तुम्हाला एक चुकीचा सल्ला देण्याची शक्यता आहे. ४४ नियमाच्या एका गटाची सीट ९ ते १८ किलोसाठी असते आणि ती पुढे तोंड करून लावतात. तुमचं बाळ नेमकं ९ किलोचं, म्हणून तो म्हणेल, हीच घ्या, चार वर्षं चालेल. घेऊ नका. समोरून होणाऱ्या धडकेत मागे तोंड करून बसलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोकं तिन्ही सीटच्या कवचावर एकत्र दाबली जातात. पुढे तोंड असेल तर पट्टे धड धरतात आणि डोकं एकटं पुढे झेपावतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यामुळे सगळा ताण मानेवर येतो. १२९ चा नियम म्हणूनच १५ महिन्यांआधी पुढे तोंड करू देत नाही. स्वीडनमध्ये आईवडील चार वर्षांपर्यंत मुलांना उलटं बसवतात. तुम्ही १३ किलोपर्यंत चालणारी, मागे तोंडाची, साध्या बेल्टने बसणारी सीट घ्या. बाळाचं डोकं कवचाच्या वरच्या कडेच्या वर गेलं की ती सीट संपली, वजन कमी भरत असलं तरी. आणि ही सीट पुढच्या बाजूला चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही, एअरबॅग फुटताना ती कवचावरच आदळते.

मुलीची सीट लेस्टरमध्येच घ्या, पण तुम्ही यायच्या आधी मावसदिरांनी घेऊन गाडीत लावून ठेवावी. इथल्या मोठ्या दुकानांत तुमच्या गाडीत बसवून दाखवतात, तसंच करून घ्यावं. ९७ सेंटिमीटर आणि १४ किलोला मी अजून पाच पट्ट्यांचीच सीट वापरेन. तिसरं वर्ष संपलं की लोक बूस्टरकडे वळतात, कारण मूल पट्ट्यांना कंटाळतं. पण बूस्टरमध्ये मोठ्यांचा बेल्ट मुलाला धरतो आणि तो कमरेच्या हाडांवर बसायला हवा. एवढ्या लहान मुलांची ती हाडं नीट उभारलेली नसतात, मूल घसरून बसलं की बेल्ट पोटावर चढतो आणि धडकेत इजा आतड्यांना होते. मुलगी झोपेत वाकडी होणारच, दोन तासांचा रस्ता आहे. बूस्टर घ्याल तेव्हा पाठीचं घ्या.

सीट आयसोफिक्सची असेल तर मागच्या बाकाच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यात ती खटकन अडकते आणि खूण हिरवी होते. पण तिसरा आधारही लागतो, वरचा पट्टा किंवा जमिनीवर टेकणारा पाय. मागचे प्रवासी पाय ठेवतात तिथे फरशीखाली सामानाचा कप्पा असलेल्या गाड्यांत सीटचा हा पाय पोकळीवर टेकतो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत आधी बघावं.

पट्टे कसे घट्ट करायचे ते इथल्या थंडीमुळे तुम्हाला लगेच लागेल. मागे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून निघाले पाहिजेत, पुढे तोंड असेल तर बरोबरीने किंवा जरा वरून. घट्ट केल्यावर हंसळीपाशी पट्टा चिमटीत धरून बघा. घडी पडली तर अजून ओढा. ऑक्टोबरात तुम्ही मुलांना जाड फुगीर जॅकेट घालाल आणि पट्टे वरून घट्ट वाटतील. एकदा घरी करून बघा: जॅकेट घालून पट्टे आवळा, मग पट्टे न हलवता मूल बाहेर काढा, जॅकेट उतरवा, पुन्हा बसवा. जी ढिलाई दिसेल तेवढं अंतर मूल धडकेत पुढे जाईल, कारण आतला कापूस क्षणात चेपतो. म्हणून गाडीत जॅकेट काढायचं, पट्टे लावायचे आणि वरून शाल पांघरायची.

जुनी सीट अनोळखी माणसाकडून घेऊ नका. एकदा अपघातात सापडलेल्या सीटला आतून तडा गेलेला असू शकतो आणि वरून काही दिसत नाही.

सासूबाईंना बेल्टचं वेगळं सांगावं लागेल, कारण मागे बसून बेल्ट लावायची सवय आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये मागच्या सीटवर मुलांना १९८९ पासून आणि मोठ्यांना १९९१ पासून बेल्ट सक्तीचा आहे. भारतातही मागच्या प्रवाशाला बेल्ट लावावाच लागतो, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,००० रुपये आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा योग्य सीट नसेल तरी तेवढाच. ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री गेले ते मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच, पालघरजवळ. पुढे बसलेले दोघं वाचले, मागे बसलेले दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागे बेल्टशिवाय बसलेलं माणूस पुढच्या सीटवर तर आदळतंच, शेजारच्या मुलाच्या अंगावरही पडतं. सासूबाई साडी नेसत असतील तर बेल्टचा खालचा भाग निऱ्यांच्या फुगवट्यावर नको, पोटाखालून कमरेच्या हाडांवर बसवा, आणि शाल बेल्टच्या वरून घ्या, आतून नको.

अहमदाबादला न्यायला जी गाडी ठरवाल तिचं सीट कव्हर आदल्या दिवशी उचलून बघा. बरेचदा बेल्टची खाच कव्हरखाली गाडलेली असते आणि मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो. बाळाची सीट खिडकीकडच्या तीन टोकी बेल्टवर लावा, आणि बेल्ट सीटभोवती पुरेपूर पोचतो ना ते आधी तपासा, काही गाड्यांत तो आखूड पडतो. पोचत नसेल तर गाडीवाल्याला दुसरी गाडी पाठवायला सांगा. सीट विमानात सामान म्हणून देणार असाल तर मूळ खोकं जपून ठेवा आणि कंपनीला आधी विचारा, लहान मुलाची सीट वेगळी घेतात की बॅगेत धरतात.

मावसदिरांच्या गाडीचं मॉडेल, साल आणि मागच्या बाकाची रुंदी कळवा. त्या गाडीत कोणती सीट बसते ते इथल्या सीट कंपन्यांच्या यादीत बघून सांगतो.