मुलाच्या गाडीसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: मी मालवण तालुक्यातला निवृत्त शिक्षक, वय ६४, पेन्शन ३४ हजार. मुलगा २७ वर्षांचा, डिप्लोमा झालाय. पुण्यातली नोकरी सुटल्यापासून चौदा महिने घरीच आहे. त्याच्या बाइकचा हप्ता ३,६००, पेट्रोलचे २,०००, रिचार्जचे ३५० आणि हातखर्चाचे २,००० मीच देतो. बाइकच्या कर्जाला जामीनही मीच. आता पर्यटकांची भाडी मारायला सेकंडहँड गाडी घेतो म्हणून ४ लाख मागतोय. पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत अडीच वर्षांपूर्वी ८.२ टक्क्यांनी १५ लाख ठेवलेत. मोडू का? आणि पोटच्या पोराकडे घरखर्च मागणं बरं दिसेल का?

उत्तर: ठेव मोडू नका, निदान या मोसमात तरी नको. या खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत; ४ लाखांसाठी अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटलीत म्हणून मुद्दलातून एक टक्का, म्हणजे १५,००० कापले जातील. ४ लाख आणि ही कपात वजा जाता उरलेल्या १० लाख ८५ हजारांचं नवं खातं त्या दिवशीच्या दराने उघडेल. तो ८.२ च धरला तरी तिमाहीला मिळणारे ३०,७५० रुपये साधारण २२,२४० वर येतात.

पण त्याआधी एक हिशेब बघा. व्याज महिन्याला १०,२५० पडतं. तुम्ही सांगितलेले चार खर्च मिळून होतात ७,९५०. राहिलेल्या २,३०० मध्ये त्याचं दोन वेळचं जेवणसुद्धा बसत नाही. म्हणजे ठेवीचं व्याज आजच त्याच्या नावे संपतंय, फक्त घरात तसं कुणी बोललेलं नाही. कधीपर्यंत द्यायचं, बदल्यात काय, हेही ठरलेलं नाही. अशा घरात गाडी आली की ती कोणाची, पैसे दिले की उसने दिले, हाही प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

म्हणून आधी तिघांनी बसून एका कागदावर लिहा. ज्याला कमाई नाही त्याच्याकडे रोख मागू नका. तो ते आईकडूनच घेऊन तुम्हाला देईल. त्याऐवजी काम मोजा. मिरगाआधीची शाकारणी तुम्ही गड्यांकडून करून घेत असाल, तर या मे महिन्यात छपरावर तो चढेल. गड्यांना जे दिलं असतं ते त्याच्या खात्यावर जमा धरा. कलमांची राखण, काजू गोळा करणं यांचंही तसंच. पहिली कमाई आली की जेवणखर्चाचे ४,००० मात्र रोख घ्यायचे, आणि तो आकडा आजच लिहून ठेवायचा. बरं दिसेल का म्हणाल, तर पुण्यात खोलीभाडं आणि मेसचे पैसे तो देतच होता ना?

बाइकचा हप्ता रागाच्या भरात बंद करू नका. जामीन तुम्ही आहात. हप्ते थकले की बँक तुमच्याकडे येईल आणि तुमचाही सिबिल बिघडेल. अमुक तारखेपर्यंत मी भरीन, पुढे तू भर, नाही जमलं तर बाइक विकून कर्ज फेडू, असं लिहा. हातखर्चाचे २,००० एकाच हातातून जाऊ देत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत वडील नाही म्हणतात आणि आई डब्यातले पाचशे काढून देते; मग कागद नुसता रद्दी.

आता गाडी. मे अखेरपर्यंत त्याला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाऊ दे आणि वहीत रोजची नोंद करू दे: भाडं किती, डिझेल किती, गाडी उभी किती दिवस. ४ लाख पाच वर्षांत वसूल व्हायचे तर वर्षाला ८०,००० सुटायला हवेत. पावसात किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक तुरळक. कमाईचे महिने आठच धरले तर महिन्याला १०,००० बाजूला पडले पाहिजेत. तेही डिझेल, विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि त्याची स्वतःची मजुरी वजा जाता. वही तसं दाखवत नसेल तर त्याला तुम्ही नाही म्हणायची गरजच उरणार नाही.

वही जुळली तरी पिवळ्या पाटीचाच खर्च धरा. पांढऱ्या पाटीवर भाडं मारताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. पैसे द्यायची वेळ आली तर बँकेतूनच द्या आणि उसने की कायमचे ते लिहा. त्याला बहीण-भाऊ असतील तर तो कागद त्यांनाही दाखवा.

कागदावर फेरविचाराची तारीख गणपतीनंतरची टाका. चाकरमानी परत गेलेले असतात, घर शांत असतं, वही आणि पासबुक दोन्ही ओटीवर मांडून बसता येतं.