लवकरची वेळ मागायची म्हणजे माफी मागायची नाही

"तीळ बदलतोय असं वाटतंय. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळालीय ती सहा आठवड्यांनंतरची. लवकर बोलवा म्हणून मेल केला तर, आली एक घाबरट बाई, असं नाही ना वाटणार त्यांना?"

वाक्य थोडंफार बदलतं, पण समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांकडून मी हे ऐकलंय की आता मी पहिलाच प्रश्न विचारते, "मेल लिहिलाय का? दाखवा बरं."

त्रेचाळिशीच्या एका बाईंनी मोबाइल पुढे केला. मेल दोन स्क्रीन भरून होता. सुरुवात अशी: "सर, तुम्ही खूप व्यग्र असता याची कल्पना आहे. कदाचित काहीच नसेल, मी जरा जास्तच विचार करते…" तीळ पार शेवटी, एका ओळीत.

"हा मेल आधी कोण वाचेल?" मी विचारलं.

"डॉक्टर."

"बहुतेक ठिकाणी आधी रिसेप्शनवरची मुलगी वाचते. कोणाला आधी घ्यायचं हे ती ठरवणार, आणि तुम्हीच तिला लिहून दिलंय की कदाचित काहीच नसेल."

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी स्वतःलाच रांगेत मागे ढकललं."

दोन-तीन भेटींत जे माझ्याकडून सांगून झालं नसतं ते त्या एका वाक्यात बोलल्या. माणसाला घाबरवते ती घटना नव्हे, घटनेचा त्याने लावलेला अर्थ, असं मी मानते. म्हणूनच भीती आणि निरीक्षण वेगवेगळ्या कागदांवर लिहायला लावते. भीतीचा कागद माझ्याकडे राहतो. डॉक्टरांकडे जातो तो दुसरा.

तो दुसरा कागद भरताना अडचण आली. त्या रोज रात्री आरशात तीळ पाहायच्या, दाबून बघायच्या, आणि तरी "नक्की किती बदलला?" याला उत्तर नव्हतं. रोज पाहणाऱ्याला बदल कळत नाही. घरातलं मूल वाढलेलं पाहुण्यांच्याच लक्षात येतं ना, तसंच हे. वर सतत चोळल्याने तीळ लाल होतो, खाजतो आणि नवीच शंका उभी राहते. सुदैवाने चार महिन्यांपूर्वीच्या एका फोटोत पोटरी दिसत होती. तीळ तेव्हा आजूबाजूच्या तिळांपेक्षा मोठा नव्हता. आता त्याच्याशेजारी पट्टी धरून, उजेडात, एक फोटो जवळून आणि एक थोडा लांबून घेतला. मग मेल झाला तो एवढाच:

"विषय: बदललेला तीळ, लवकर वेळ मिळावी

डॉक्टर, माझं वय 43. डाव्या पोटरीवरचा जुना तीळ चार महिन्यांत बदलला आहे. आधी लहान आणि एकसारखा तपकिरी होता. आता 7 मिमी आहे, एका बाजूला काळा झालाय आणि तिथली कड वेडीवाकडी आहे. रक्त आलेलं नाही. घरात कुणाला त्वचेचा कर्करोग नाही. माझी वेळ सहा आठवड्यांनंतरची आहे, त्याआधी पाहता येईल का? कुणाची रद्द झालेली वेळही चालेल. जुना आणि आजचे फोटो जोडले आहेत. माझा फोन नंबर खाली आहे."

"हा कॅन्सर आहे का?" हे वाक्य त्यांनी घातलं होतं, ते मी काढायला लावलं. फोटोवरून त्याचं खात्रीचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाहावं लागतं, गरज पडली तर तुकडा तपासावा लागतो. मेलचं काम फक्त दार उघडण्याचं. तीळ दोन्हीकडून सारखा न दिसणं, कड अनियमित असणं, एकाहून जास्त रंग, 6 मिमीच्या वर आकार, आणि काळाबरोबर होणारा बदल, या पाच गोष्टी डॉक्टर बघतात. त्यातल्या ज्या दिसतील तेवढ्याच लिहायच्या, ओढूनताणून पाचही नाहीत. लहान तीळही बदलत असेल तर दाखवायचाच. तीळ टणक होऊन उंच वाढत असेल किंवा आपोआप रक्त येत असेल, तर मात्र मेलची वाट न पाहता सरळ फोन करावा. आणि मेलला दोन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं, तरी फोनच.

त्यांना दुसऱ्या दिवशी फोन आला. डॉक्टरांनी डर्मोस्कोपने, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगाने, तीळ पाहिला आणि भोवतालच्या थोड्या त्वचेसकट पूर्ण काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट आला: तीळ अनियमित, कर्करोग नाही.

"बघा, उगाचच गेले मी," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर तसं म्हणाले?"

"नाही. असा तीळ दिसला तर आम्ही काढतोच, म्हणाले."

त्यांचं आरशातलं रोजचं बघणं अजून सुटलेलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. आता ठरलंय की महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकदाच, पट्टी धरून. परवा त्यांनी सांगितलं, या महिन्यात बुधवारीही एकदा पाहिलं.