ईश्वरवाद कुठल्या रकान्यात?

प्रश्न : शब्दसंग्रहाचा तक्ता करते आहे. 'ऑलॉजी'चे शब्द एका रकान्यात आणि 'इझम'चे दुसऱ्या. पहिल्यात सगळीकडे 'शास्त्र' आणि दुसऱ्यात सगळीकडे 'वाद' लिहिले तर चालेल का? आणि वंशावळीच्या अभ्यासाला जेनिऑलॉजी म्हणायचे की जेनिअॅलॉजी?

उत्तर : नाही चालणार. सायकॉलॉजी म्हणजे मानसशास्त्र आणि सोशलिझम म्हणजे समाजवाद, हे तुम्हाला येतेच. अशा ओळी भरून टाका. तक्ता बिघडतो तो पुढे.

आधी 'ऑलॉजी' हा प्रत्ययच नाही. प्रत्यय आहे 'लॉजी'. त्याआधीचा ऑ हा ग्रीक समासातला सांधा आहे आणि तो पुढच्या शब्दाचा नसून मागच्या शब्दाला चिकटलेला आहे : बायो-लॉजी, जिओ-लॉजी. तरीही जो तो 'ऑलॉजी, ऑलॉजी' करत असतो. ही म्हणजे दाराची बिजागरी दारासकट मोजण्याची तऱ्हा झाली.

दुसरे, लॉजी म्हणजे 'ज्ञान' किंवा 'विज्ञान' असे शब्दसंग्रहाची अनेक पुस्तके सांगतात. तिथे चक्क अर्थाच्या जागी वापर लिहिलेला असतो. मुळात आहे लोगॉस, लेगेइन म्हणजे बोलणे या धातूपासून आलेला. लोगॉस म्हणजे बोल, कथन, कारणे देत केलेले विवेचन. म्हणून तर अपॉलॉजी हे कसलेच शास्त्र नाही. अपो म्हणजे 'पासून, दूर' आणि लोगॉस म्हणजे बोलणे, तेव्हा आरोप दूर सारण्यासाठी केलेले भाषण हा त्याचा जुना अर्थ. माफी हा अर्थ मागाहून आला. ट्रिलॉजी हेही शास्त्र नव्हे, ती तीन कथनांची मालिका. 'लॉजी म्हणजे विज्ञान' म्हणणाऱ्यांनी या दोन शब्दांचे काय करायचे ते एकदा सांगावे.

आता खरी गंमत. 'बोलणे' या अर्थाचा आपला धातू वद्, आणि त्यापासून वाद. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. जल्पात जिंकणे महत्त्वाचे. वितंडेत स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची खोडायची. वाद मात्र तत्त्व जाणून घेण्यासाठी, प्रमाणे देऊन करायचा. म्हणजे 'वाद' हा शब्द लोगॉसच्या जितका जवळ जातो तितका 'शास्त्र' जात नाही. शास्त्र येते शास् धातूपासून : शिकवणे, आज्ञा करणे, शासन करणे. त्याचा ग्रीक सोयरा शोधायचाच तर तो नोमॉस, म्हणजे नियम. तोच अॅस्ट्रॉनॉमी आणि इकॉनॉमिक्समध्ये आहे. तेव्हा खगोलशास्त्र आणि अर्थशास्त्र हे शब्द मुळाशी तंतोतंत बसतात, पण जीवशास्त्र बसत नाही. माझ्या मते मराठीत हे दोन प्रत्यय सरळ अदलाबदल होऊन आले. बोलण्याचा शब्द इझमला मिळाला आणि नियमाचा लॉजीला. हे मत सगळ्यांना पटत नाही, ठाऊक आहे. 'वाद म्हणजे भांडण, ते विद्याशाखेला कसे लावणार?' असा आक्षेप येतो. तो घेणाऱ्यांनी वाद आणि वितंडा यांतला फरक आधी पाहावा.

पटत नसेल तर एकच जोडी उलगडून बघा : थिऑलॉजी आणि थीइझम. दोन्हींत थिऑस, म्हणजे देव. थिऑलॉजीचा शब्दशः उलगडा केला तर देवाविषयी बोलणे, म्हणजे 'ईश्वर-वाद'! पण मराठीत ईश्वरवाद हा शब्द थीइझमसाठी, 'ईश्वर आहे' या मतासाठी, रुळलेला आहे. म्हणून तक्त्यात धातूच्या मागे न लागता रूढीप्रमाणेच जायचे. थीइझमपुढे ईश्वरवाद लिहा आणि थिऑलॉजीपुढे ईश्वरशास्त्र. तिथे धर्मशास्त्र लिहू नका. धर्मशास्त्र म्हटले की आपल्याकडे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त सांगणारे स्मृतिग्रंथ डोळ्यांपुढे येतात आणि वाचणारा भलतीकडे जातो. फरक मुलांच्या लक्षात राहण्यासाठी एवढे पुरे : थिऑलॉजी नास्तिकालाही शिकता येते. थीइझम मात्र मानावा लागतो.

इझमची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ग्रीकमध्ये हा मुळात क्रियेचा प्रत्यय होता. बाप्टिझेइन म्हणजे पाण्यात बुडवणे, त्यावरून बाप्टिस्मॉस आणि बाप्टिस्मा. मराठीतला बाप्तिस्मा तोच. तो विधी आहे, मत नाही. क्रिया, अवस्था, पद्धत, मत असे सगळे अर्थ या एका प्रत्ययात पुढे जमा झाले. मग प्रत्येक शब्दाला वाद कसा लागणार? त्यासाठी एक साधी कसोटी लावा. मराठी शब्दापुढे 'वादी' जोडून तसा माणूस संभवतो का ते बघा. समाजवादी माणूस असतो, आशावादीही असतो. तिथे वाद. पण टुरिझमचा 'पर्यटनवादी' कोण? म्हणून नुसते पर्यटन. तसेच मॅग्नेटिझम म्हणजे चुंबकत्व, मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय, जर्नलिझम म्हणजे पत्रकारिता, प्लेजिअॅरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य. ऱ्हुमॅटिझमपुढे संधिवात लिहिताना त्याचा 'संधिवाद' होऊ देऊ नका. सगळीकडे वाद लिहायची सवय लागली की हात तिकडेच वळतो.

कसोटीला एक मर्यादा आहे. जिथे मराठीने 'शाही' निवडली आहे, तिथे ती थोडी लंगडते. कॅपिटॅलिझम म्हणजे भांडवलशाही आणि फ्यूडॅलिझम म्हणजे सरंजामशाही, कारण भर विचारापेक्षा व्यवस्थेवर आहे. तरी 'भांडवलवादी' माणूस संभवतोच. अशा वेळी रूढ शब्द लिहून मोकळे व्हा.

प्रिझम मात्र तक्त्यातून काढून टाका. त्यात हा प्रत्ययच नाही. ग्रीक प्रिझेइन म्हणजे करवतीने कापणे, आणि त्यापासून प्रिस्मा, म्हणजे कापलेली वस्तू. शेपूट झडून इंग्रजीत जे उरले ते योगायोगाने इझमसारखे दिसते, एवढेच.

जेनिअॅलॉजीचे राहिलेच. ग्रीक मूळ शब्द गेनेआ, म्हणजे वंश, पिढी. त्याच्या शेवटी आ आहे, सांध्यालाही तोच टिकला, म्हणून जेनिअॅलॉजी. खनिजशास्त्राच्या मिनरॅलॉजीतही ऑ दिसत नाही, पण तिथले कारण वेगळे. नियमाने तो मिनरलॉलॉजी व्हायला हवा होता. लागोपाठच्या दोन 'लॉ'पैकी एक जिभेने गिळला, 'नाककटा'चा नकटा झाला तसा. या गिळण्याला भाषाशास्त्रात हॅप्लॉलॉजी म्हणतात, आणि त्या बिचाऱ्या शब्दात मात्र दोन्ही 'लॉ' शाबूत आहेत.