स्वच्छता पर्यवेक्षकाची मुलाखत: पॅनेल नक्की काय विचारतं?

प्रश्न: सांगलीत महानगरपालिकेच्या मानधनावरच्या स्वच्छता पर्यवेक्षक पदासाठी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. सॅनिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स झालाय, पण कामाचा अनुभव नाही. काय विचारतात आणि उत्तर कसं द्यायचं?

मी बरीच वर्षं मुकादम आणि नंतर स्वच्छता निरीक्षक म्हणून काम केलं. चार-पाच वेळा टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो. कोर्सच्या पुस्तकातले प्रश्न येतात, म्हणजे ओला-सुका कचरा कशाला म्हणतात, डासांची अळी किती दिवसांत मोठी होते वगैरे, पण ते पाच मिनिटांत संपतात. तेवढे तुम्हाला येतीलच. खरा निकाल लागतो तो "समजा"ने सुरू होणाऱ्या प्रश्नांवर, म्हणून त्यातलेच तीन सांगतो.

पहिला हमखास येतो. समजा तुमच्या बीटवर अठरा कामगार आहेत आणि सकाळी पाच जण गैरहजर आहेत, तर काय कराल? "वरिष्ठांना कळवीन" एवढंच म्हणालात तर समोरचा मान हलवेल आणि पुढच्या उमेदवाराचा कागद उचलेल. कळवायचंच आहे, पण आधी कामाची मांडणी सांगा. धरून चला की दोन घंटागाड्यांवर दोन-दोन असे चार, गटारीवर चार आणि झाडलोटीला दहा आहेत. आज गाडीवरचा एक, गटारीवरचा एक आणि झाडणारे तीन आले नाहीत. घंटागाडी बंद ठेवायची नाही, कारण एक दिवस गाडी चुकली की संध्याकाळी कचरा कोपऱ्यावर पडतो आणि तो कोपरा मोडायला पुढे आठवडा जातो. म्हणून गटारीवरचा एक माणूस गाडीवर द्यायचा. गटारीला दोघे उरतात. त्यांना आज गाळ काढायला लावायचं नाही, तुंबल्याची तक्रार असेल तेवढीच जागा मोकळी करायची. झाडणाऱ्या सात जणांनी आधी मंडई, शाळा आणि दवाखान्यापुढचे रस्ते घ्यायचे. आतल्या गल्ल्या उद्यावर ढकलायच्या, पण कुठल्या ढकलल्या ते वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या त्याच गल्ल्या पुन्हा राहणार नाहीत. एवढं सांगितलं की माणसाला सकाळ सांभाळता येते हे पॅनेलला कळतं.

याला लागूनच एक खोचक प्रश्न येतो. मुकादम म्हणतो, "साहेब, तो लग्नाला गेलाय, दुपारी येईल, हजेरी लावून टाका." लावाल का? नाही. हजेरीच्या वेळेला जो समोर नाही त्याची गैरहजेरी तिथल्या तिथे पडली पाहिजे. अर्धा तास उशिरा आलेल्याचं काय करायचं ते कार्यालयाच्या नियमाप्रमाणे आणि निरीक्षकांना विचारून करीन, असं सांगा. कोरा रकाना हा या खात्यातला सगळ्यात महागडा रकाना. मागून तो कोण भरतो आणि कसा भरतो हे पॅनेलवरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

दुसरा प्रश्न ड्रेनेजचा. चेंबर तुंबलंय, मैला रस्त्यावर आलाय, जेटिंगची गाडी दोन तास येणार नाही आणि नगरसेवकांचा फोन चालू आहे. इथे उत्तराची सुरुवातच "माणूस आत उतरवणार नाही" अशी करा. 2013 च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवून घातक सफाई करून घ्यायला बंदी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मग दोन तास काय करायचं? रस्ता अडवायचा, वरचं-खालचं झाकण उघडून तुंबारा नेमका कुठे आहे ते बघायचं, वर उभं राहून बांबू किंवा रॉड मारून बघायचा, आणि गाडी कधी मागितली, ती किती वाजता येणार, हे लिहून ठेवायचं. नगरसेवकांना तीच वेळ सांगायची.

एक उमेदवार म्हणाला होता, "काडी पेटवून आत गॅस आहे का बघीन." आत मिथेन असला तर त्या काडीने भडका उडेल. आणि ज्या वायूने माणसं मरतात तो हायड्रोजन सल्फाइड काडीने कळतही नाही. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माझ्याच एका जुन्या कामावर एक चांगला जाणता कामगार "आता वास गेला, उतरतो" म्हणत चेंबरच्या काठावर बसला होता. मी त्याची कॉलर धरून मागे ओढलं, तर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

त्यावर पुढचा प्रश्न आला की कोणी आधीच उतरून बेशुद्ध पडला असेल तर? दुसऱ्याला उतरू द्यायचं नाही, हेच पहिलं वाक्य. वाचवायला गेलेलाही आतच राहतो, अशा घटना पुन्हा पुन्हा घडल्यात. अग्निशमन दलाला फोन, लोकांना मागे सारणं, आजूबाजूची झाकणं उघडी करणं, ॲम्ब्युलन्स.

तिसरा प्रश्न सांगलीचाच, आणि इथे बाहेरगावचे उमेदवार अडकतात. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं. तर प्रश्न असा: पाणी ओसरलं, मारुती रोडवर गुडघाभर गाळ आहे, सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण म्हणतात, "टीसीएल पावडर मारीन." गाळावर मारलेली पावडर वाया जाते. त्यातला क्लोरीन गाळातल्या घाणीतच खर्ची पडतो, जंतू मारायला उरत नाही. म्हणून आधी गटारीची तोंडं मोकळी करायची, नाहीतर धुतलेलं पाणी जाणार कुठे? गाळ ओला आहे तोवर उचलायचा, कारण वाळला की तो फरशीला चिकटून बसतो आणि धूळ उडते ती वेगळीच. मेलेली जनावरं वेगळ्या गाडीतून. मग पाण्याने धुणं, आणि शेवटी पावडरीचं द्रावण. चांगली, ताजी पावडर असेल तर दहा लिटरच्या बादलीला साधारण 300 ग्रॅम, म्हणजे एक टक्का क्लोरीन होतो. पोतं दमट असेल, उघडं राहिलं असेल तर जोर निम्मा होतो, म्हणून पोत्याची तारीख बघीन असंही सांगा. आणि ॲसिडच्या जवळ ही पावडर ठेवायची नाही, दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. गमबूट-हातमोज्यांशिवाय कामगार गाळात उतरवणार नाही, हे विचारायच्या आधीच बोला, आणि पायाला जखम असलेल्याला गाडीवर बसवीन हेही. लेप्टोच्या गोळ्या आरोग्य विभाग देतो, आपलं काम कोणी घेतली-कोणी नाही याची यादी ठेवणं.

अनुभव नाही म्हणता, तर आठवडाभरात एक सोपं काम करा. दोन दिवस पहाटे साडेपाचला जवळच्या हजेरी शेडला जाऊन उभे राहा. मुकादमाला चहा पाजा. गाडी कुठून निघते, कुठे भरते, कुठे रिकामी होते, ते बघून या. "तुमच्या वॉर्डातला कचरा शेवटी कुठे जातो?" हा प्रश्न मी स्वतः प्रत्येकाला विचारायचो, आणि दहातले आठ जण गप्प बसायचे.