दुकानाचे सरासरी दिवस फसवतात

तुझ्या कपड्यांच्या दुकानातला माल विकला जायला सरासरी किती दिवस लागतात, याचा तू पाठवलेला हिशोब पाहिला. सरासरी साठा 20 लाख, वर्षात विकलेल्या मालाची खरेदी किंमत 60 लाख, म्हणजे 20 भागिले 60 गुणिले 365, साधारण 122 दिवस. दोन्ही आकडे खरेदी भावाने घेतलेस, हे बरं केलंस. एक आकडा एमआरपीने घेतला असतास तर सगळंच चुकलं असतं.

पण आता हा आकडा मालाच्या प्रकारानुसार फोड. शाळेचे गणवेश: साठा 3 लाख, खरेदी भावाने विक्री 20 लाख: 55 दिवस. साड्या 9 आणि 28 लाख: 117 दिवस. पुरुषांचे रेडिमेड 8 आणि 12 लाख: 243 दिवस. तुझा पैसा इथे अडकलाय.

लगेच सगळ्या शर्टांवर सेल लावू नकोस. आधी खरेदी बिलाच्या तारखेने गठ्ठे वेगळे कर. समजा 3 लाखांचा माल वर्षापेक्षा जुना निघाला, तर उरलेल्या 5 लाखांचे दिवस 152 च्या आसपास येतात. जुन्या गठ्ठ्यात बहुतेक 36 आणि 46 साइजच सापडतील, मधले साइज केव्हाच गेलेले असतात. मग डिझाइनला दोष न देता पुढच्या ऑर्डरीत टोकाचे साइज कमी घे. जुना माल सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत खरेदी भावाला काढ.

गणवेशांचा साठा मे अखेरीस फुगलेला दिसेल, तो पडून राहिलेला माल समजू नकोस. म्हणून सरासरी बारा महिनाअखेरींची घे, फक्त 31 मार्चची नको.