फंडाचा सरासरी मासिक परतावा खरंच शून्याहून वेगळा आहे का?

प्रश्न: माझ्या फंडाचा ३६ महिन्यांचा सरासरी परतावा १.२% आहे, प्रमाण विचलन ५%. हा निव्वळ योगायोग असू शकतो का?

हो, असू शकतो. आधी प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगाने सरासरी साधारण किती हलू शकते ते काढा: ५ ला ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने भागा; ०.८३ येतं. मग सरासरी या त्रुटीच्या किती पट आहे ते पाहा, तोच टी: टी = १.२ ÷ ०.८३, म्हणजे सुमारे १.४४. ३५ स्वातंत्र्य मात्रांना, म्हणजे महिन्यांपेक्षा एक कमी, ५% पातळीवर (दोन्ही बाजू धरून) टी किमान २.०३ लागतो. तेवढा नाही, म्हणून खरी सरासरी शून्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पण याचा अर्थ खरी सरासरी शून्यच आहे असा मुळीच नाही. एवढ्या चढउतारात ३ वर्षं फार तोकडी पडतात. हेच आकडे टिकले तर साधारण ७० महिन्यांनी टी २ वर पोचेल. आणि माझ्या मते शून्याऐवजी लिक्विड फंडाचा परतावा दर महिन्याला वजा करून उरलेल्यावर हीच चाचणी घ्यावी.